सरासरी ७.५४ बिट, हमी मात्र ३ बिटांची: किल्लीसाठी एंट्रॉपी कशी मोजावी

प्रश्न: आमच्या उपकरणात गोंगाटाचे सर्किट १२ बिटांच्या एडीसीला, म्हणजे सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपला, जोडले आहे. प्रत्येक वाचनाचे खालचे ८ बिट घेऊन आम्ही १२८ बिटांची किल्ली बनवतो. `ent` या साधनाने मोजले तर एंट्रॉपी, म्हणजे अनिश्चितता, ७.५४ बिट प्रति बाइट येते, म्हणून १७ बाइट गोळा करतो आणि त्यांच्या SHA-256 हॅशमधले पहिले १२८ बिट वापरतो. ० ही किंमत आठांत एकदा येते, बाकीच्या २५५ किमती जवळजवळ सारख्या येतात. सल्लागार म्हणतात की मिन-एंट्रॉपी मोजा आणि ६५ बाइट घ्या. एवढा फरक कसा काय?

उत्तर:

सल्लागारांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या १७ बाइटांतून १२८ बिटांची नव्हे, फक्त ५१ बिटांची हमी मिळते. `ent` ने दाखवलेला आकडा चुकीचा नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न किल्लीच्या सुरक्षिततेचा नाही, इतकेच.

आधी त्या आकड्यात काय मिसळले आहे ते उलगडून पाहू. एखादी किंमत येण्याची संभाव्यता p असेल, तर ती किंमत आल्यावर आपल्याला `-log2(p)` इतके बिट मिळाले असे मानतात. आपले ० आठांत एकदा येते, म्हणून ते आले की ३ बिट मिळतात. उरलेल्या प्रत्येक किमतीची संभाव्यता सुमारे ०.००३४३ आहे, म्हणजे तशी किंमत आली की सुमारे ८.१९ बिट मिळतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेली एंट्रॉपी ही या बिटांची भारित सरासरी आहे. आठांत एकदा ३ आणि आठांत सात वेळा ८.१९ धरले की ७.५४ येतात. मिन-एंट्रॉपी सरासरी काढतच नाही. ती सर्वांत जास्त वेळा येणारी एकच किंमत घेते आणि तिचे बिट मोजते. आपल्याकडे ते ३ आहेत.

शॅनन यांचा प्रश्न संदेश कमीत कमी जागेत साठवण्याचा होता. तेथे सरासरी हेच योग्य माप ठरते, कारण लाखो चिन्हे एकामागून एक पाठवली जातात आणि एका चिन्हाला जास्त लागलेले बिट दुसऱ्या चिन्हात वाचलेल्या बिटांनी भरून निघतात. किल्लीच्या बाबतीत ही भरपाई कधीच होत नाही. एका ग्राहकाच्या उपकरणात सहज ओळखता येईल अशी किल्ली पडली, तर दुसऱ्या ग्राहकाची किल्ली गरजेपेक्षा भक्कम आहे याचा पहिल्याला काहीच उपयोग नसतो.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो, हे एका बनावट उदाहरणातून नीट दिसते. एक जनित्र निम्म्या वेळा एकच ठरलेली किल्ली देते आणि निम्म्या वेळा खरोखर यादृच्छिक अशी २५६ बिटांची किल्ली देते असे समजा. त्याची शॅनन एंट्रॉपी सुमारे १२९ बिट भरते. किल्ली ओळखण्यासाठी लागणाऱ्या अंदाजांची सरासरी काढली तर ती `2^254` च्या आसपास येते, जी १२८ बिटांच्या आदर्श किल्लीपेक्षाही कितीतरी मोठी आहे. तरीही हल्लेखोर पहिल्याच अंदाजात निम्मी उपकरणे उघडतो. ही अवाढव्य सरासरी दुसऱ्या निम्म्या उपकरणांनी तयार केलेली आहे आणि त्यांच्या मागे हल्लेखोर लागणारच नाही. येथे मिन-एंट्रॉपी १ बिट आहे आणि परिस्थितीचे खरे वर्णन तोच आकडा करतो.

शॅनन एंट्रॉपीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, त्यात तथ्यही आहे. जेम्स मॅसी यांनी १९९४ साली असे दाखवले की एंट्रॉपी H किमान २ बिट असेल तर अंदाजांची सरासरी संख्या `2^H/4 + 1` पेक्षा कमी होऊ शकत नाही. आपल्या १७ बाइटांची शॅनन एंट्रॉपी १२८.१६ बिट आहे, म्हणजे सरासरी किमान `2^126` अंदाज लागणारच. हे विधान पूर्णपणे खरे आहे. त्यातली मेख अशी की ही सरासरी काढताना हल्लेखोर प्रत्येक किल्ली सापडेपर्यंत थांबणार नाही असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्याच्याकडे ठरावीक यंत्रे आणि ठरावीक वेळ असतो. तेवढ्यात जी उपकरणे उघडतील ती उघडतील, बाकीची तो सोडून देतो. म्हणून विचारायला हवा तो प्रश्न असा: अमुक इतक्या अंदाजांत किती उपकरणे पडतील?

आपल्याच उदाहरणात हे आकडे काढून पाहू. हल्लेखोराला बाइटांचे वाटप माहीत आहे असे धरलेच पाहिजे, कारण त्याने आपले एक उपकरण विकत घेऊन उघडले की ते कळते. तो सर्वांत संभाव्य क्रमापासून सुरुवात करील. आधी सतराही बाइट ० असलेला क्रम, मग एकच बाइट ० नसलेले क्रम, मग दोन, असे पुढे जात राहील. सतराही बाइट ० येण्याची संभाव्यता एक भागिले आठाचा सतरावा घात, म्हणजे `2^-51` आहे. आरंभी सांगितलेली ५१ बिटांची हमी येथून येते.

त्याने जास्तीत जास्त सहा बाइट ० नसलेले सगळे क्रम तपासले असे समजा. अशा क्रमांची संख्या सुमारे `2^61.6` आहे. हे काम मोठे असले तरी भरपूर साधने असलेल्या हल्लेखोराच्या आवाक्याबाहेरचे नाही. आता सतरांपैकी किमान अकरा बाइट ० येण्याची संभाव्यता काढली तर ती सुमारे १४.४ लाखांत एक अशी येते. म्हणजे आपली १५ लाख उपकरणे बाजारात असतील, तर त्यांतले सरासरी एक या एकाच यादीत सापडेल. खऱ्या १२८ बिटांच्या किल्लीवर तेवढेच अंदाज खर्च केले तर यशाची संभाव्यता `2^-66` च्या आसपास असते. दोन्ही ठिकाणी कागदावर १२८ बिट लिहिलेले आहेत आणि प्रत्यक्षात अंतर मात्र `2^46` पटींच्या आसपास आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती लपवू नये. मिन-एंट्रॉपी ५१ बिट आहे याचा अर्थ `2^51` अंदाजांत प्रत्येक किल्ली सापडते असा मुळीच नाही. बहुतेक उपकरणांत शून्ये दोन-तीनच येतात आणि त्यांच्या किल्ल्या भक्कमच असतात. मिन-एंट्रॉपी फक्त वरची मर्यादा सांगते: k अंदाजांत यश मिळण्याची संभाव्यता `k * 2^-51` पेक्षा जास्त असू शकत नाही. वास्तव शॅनन आणि मिन-एंट्रॉपी यांच्या मध्ये कुठेतरी असते. नमुने एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील आणि ते हजारोंनी घेतले, तर विरळ टोके सोडून उरलेल्या क्रमांची संभाव्यता शॅननच्या आकड्याकडे सरकत जाते, हेही गणिताने सिद्ध आहे. तरीही मी त्या सवलतीवर किल्ली आधारत नाही. १७ ही संख्या त्यासाठी फार लहान आहे आणि स्वातंत्र्याचे गृहीतक सर्किटमध्ये क्वचितच पूर्णपणे खरे असते. मिन-एंट्रॉपी काटेकोर असल्यामुळे काही बाइट जास्त लागतात. आपल्या उपकरणात त्याची किंमत काही मिलिसेकंदांची असेल.

ही शून्ये येतात कुठून, हे पाहिले की धोका अधिक स्पष्ट होतो. गोंगाटाचा पसारा पुरेसा रुंद असेल तर १२ बिटांच्या वाचनाचे खालचे ८ बिट जवळजवळ सारखे पसरतात. आपल्या उरलेल्या २५५ किमतींच्या बाबतीत तसे झालेलेच आहे. परंतु सिग्नल एडीसीच्या तळाखाली गेला की एडीसी सरसकट ० देतो. आपल्या सर्किटचा ऑफसेट बहुधा खाली सरकलेला आहे आणि त्यामुळे जवळपास दर आठव्या वाचनाला तळ लागतो आहे. ऑफसेट तापमानाने आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजने बदलतो. तो आणखी सरकून शून्ये चारात एक झाली, तर शॅनन एंट्रॉपी ७.५४ वरून ६.८१ वर येईल. जुनी-नवी मोजमापे शेजारी ठेवली तर ही घट किरकोळ वाटते. त्याच वेळी मिन-एंट्रॉपी ३ वरून २ वर येते आणि १७ बाइटांची हमी ३४ बिटांवर घसरते. निम्मी वाचने तळाला लागली तरी शॅननचा आकडा ५ बिट प्रति बाइट असाच भारदस्त दिसत राहतो आणि सगळीच शून्ये असलेली किल्ली मात्र १,३१,०७२ उपकरणांत एकदा निघते. बिघाड होत असताना सरासरी हळूहळू हलते आणि सर्वांत वाईट शक्यता झपाट्याने. म्हणून निव्वळ सरासरीवर डोळा ठेवणाऱ्याला बिघाड उशिरा कळतो.

आता मोजणीकडे वळू. खालचा तुकडा दोन्ही आकडे शेजारी दाखवतो. `raw.bin` मध्ये एडीसीतून थेट आलेले बाइट असले पाहिजेत, हॅश केलेले नव्हेत.

```python
from collections import Counter
from math import log2, sqrt

d = open("raw.bin", "rb").read()
n = len(d)
c = Counter(d)
H = -sum(k/n * log2(k/n) for k in c.values())
p = max(c.values()) / n
pu = min(1, p + 2.576 * sqrt(p*(1-p)/(n-1)))
print(H, -log2(pu))
```

`pu` ची ओळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एसपी ८००-९०बी या दस्तऐवजातील सर्वांत सोप्या अंदाजकाची आहे. नमुना मर्यादित असल्यामुळे मोजलेली वारंवारता खऱ्यापेक्षा थोडी कमी आलेली असू शकते, म्हणून ती विश्वास-मर्यादेइतकी वर ढकलून मग लॉग घेतात. १० लाख नमुन्यांत ० ची वारंवारता बरोबर ०.१२५ आली, तर `pu` सुमारे ०.१२५८५ होतो आणि मिन-एंट्रॉपी २.९९ बिट येते. १२८ ला २.९९ ने भागले की ४३ बाइट मिळतात. सल्लागार ६५ मागतात, कारण हॅशच्या पुढची पायरी त्यांनी धरली आहे. हॅशमध्ये जेमतेम १२८ बिटांची मिन-एंट्रॉपी घातली, तर काही आदाने एकाच उत्तरावर येऊन पडतात, काही उत्तरे येतच नाहीत आणि बाहेर पडणारे १२८ बिट पूर्ण भरत नाहीत. एनआयएसटीचा नियम असा की पूर्ण एंट्रॉपीचे उत्तर हवे असेल तर त्याच्या लांबीपेक्षा ६४ बिट जास्त आत घालावेत. १९२ भागिले २.९९ म्हणजे ६४.२, वर पूर्ण केले की ६५.

कच्चे बाइट मोजायला का सांगितले, तेही लक्षात घ्यावे. SHA-256 मधून बाहेर आलेला कोणताही प्रवाह `ent` ला निर्दोष दिसतो. ०, १, २, ३ असे साधे क्रमांक हॅश केले तरी ८ च्या अगदी जवळचा आकडा येईल, आणि त्या प्रवाहात एंट्रॉपी मात्र शून्य असेल. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे बीज म्हणून फक्त प्रक्रियेचा क्रमांकच उरला होता. तो क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा असू शकत होता, म्हणजे १५ बिट. त्यातून बनलेल्या किल्ल्या दिसायला कोणत्याही चांगल्या किल्लीसारख्याच होत्या आणि ही गोष्ट उघडकीस यायला २००८ उजाडले. बाहेर पडणाऱ्या बिटांवरच्या सांख्यिकीय चाचण्यांना असा दोष दिसत नाही. तो शोधायचा तर उगमापाशीच जावे लागते.

वरच्या तुकड्यालाही मर्यादा आहे. तो फक्त कोणती किंमत किती वेळा आली ते मोजतो, ती कोणत्या क्रमाने आली याकडे पाहत नाही. गोंगाटाच्या बँडविड्थपेक्षा जलद गतीने नमुने घेतले, तर सिग्नल एकदा तळाला गेला की काही वाचने तेथेच राहतो आणि शून्ये घोळक्याने येतात. एका शून्यानंतर पुन्हा ० येण्याची शक्यता दोनांत एक इतकी झाली, तर त्या घोळक्यातला प्रत्येक बाइट ३ बिटांऐवजी एकच बिट देतो आणि वारंवारतेचा तक्ता मात्र जसाच्या तसा राहतो. हे आपल्याला पाच मिनिटांत तपासता येईल. लागोपाठच्या जोड्यांपैकी किती जोड्यांत दोन्ही बाइट ० आहेत ते मोजा. नमुने स्वतंत्र असतील तर १० लाख जोड्यांत अशा सुमारे १५,६२५ जोड्या निघाल्या पाहिजेत. आकडा यापेक्षा बराच जास्त निघाला, तर २.९९ वर विसंबू नका आणि एनआयएसटीच्या खुल्या साधनातील `ea_non_iid raw.bin 8` ही आज्ञा चालवून जो सर्वांत लहान अंदाज येईल तोच धरा.

चुकीचा आकडा धरला आहे हे उपकरण चालू असतानाही कळू शकते. एसपी ८००-९०बी मध्ये सतत चालवायच्या दोन तपासण्या सांगितल्या आहेत. त्यांतली एक, एकच किंमत लागोपाठ किती वेळा आली ते मोजते. तिची मर्यादा `1 + ceil(20/H)` अशी ठरवली, तर खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण दहा लाखांत सुमारे एक किंवा त्याहून कमी राहते. येथे H म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे घोषित केलेली मिन-एंट्रॉपी. तिच्या जागी ७.५४ घातले तर मर्यादा ४ येते आणि आपल्या सर्किटमध्ये दर चार-पाच हजार नमुन्यांमागे एक इशारा वाजू लागतो. अशा वेळी मर्यादा वाढवून इशारे बंद करण्याचा मोह होतो. तसे करण्याआधी इशारा काय सांगतो आहे ते ऐकावे, कारण घोषित केलेली एंट्रॉपी खरी नाही हेच तो सांगत असतो. H ची किंमत २.९९ घातली की मर्यादा ८ येते आणि नमुने स्वतंत्र असतील तर इशारा एक कोटी नव्वद लाख नमुन्यांतून एखाद्या वेळी वाजतो.

माणसांनी निवडलेल्या पासवर्डच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद असते. एनआयएसटीच्याच २००४ च्या मार्गदर्शिकेत, शॅनन यांच्या इंग्रजी मजकुराविषयीच्या अनुमानांवर बेतलेला एक हिशेब होता. त्यानुसार आठ अक्षरांच्या पासवर्डला १८ बिट मिळत. २००९ साली रॉकयू या संकेतस्थळाचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले, तेव्हा त्यांत `123456` चे प्रमाण सुमारे ०.९ टक्का होते. म्हणजे त्या संपूर्ण संग्रहाची मिन-एंट्रॉपी ७ बिटांहूनही कमी होती. हा हिशेब २०१७ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला.

आपल्या सर्किटसाठी माझा सल्ला असा की ६५ बाइट घेण्याबरोबरच ऑफसेटही दुरुस्त करावा. १२ बिटांचे पूर्ण वाचन ० किंवा ४०९५ असेल तर ते टाकून द्यावे. तेवढे केले की उरलेल्या बाइटांची मिन-एंट्रॉपी ८ च्या बरीच जवळ जाईल. मात्र टाकलेल्या वाचनांचीही मोजदाद ठेवावी आणि त्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेले की किल्ली बनवणे थांबवावे, नाहीतर सर्किट मरायला टेकले तरी गाळणी ते झाकत राहील. मोजमाप थंड आणि गरम अशा दोन्ही टोकांना घ्यावे. त्याशिवाय उपकरण १००० वेळा बंद-चालू करून प्रत्येक वेळचे पहिले १००० नमुने जमवावेत, कारण वीज आल्याआल्या ऑफसेट स्थिरावलेला नसतो आणि आपली किल्ली नेमकी त्याच क्षणी बनत असेल, तर तासाभराने घेतलेल्या मोजमापाचा तिच्याशी काहीच संबंध उरत नाही.

जी उपकरणे आधीच विकली गेली आहेत त्यांच्या जुन्या किल्लीला पुन्हा हॅश केल्याने काहीही साधणार नाही, कारण तिच्यात नवी एंट्रॉपी येत नाही. नव्या ६५ बाइटांतून नवी किल्लीच काढावी लागेल. सगळीकडे एकाच वेळी तसे करणे शक्य नसेल, तर हल्लेखोराचीच यादी आपण आधी वापरावी. जास्तीत जास्त चार बाइट ० नसलेले क्रम सुमारे `2^43` आहेत. त्यांचे SHA-256 काढून आपल्या नोंदींतील किल्ल्यांच्या ठशांशी ताडून पाहणे एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर काही मिनिटांत ते तासाभरात उरकते. एखादे जरी उपकरण त्यात सापडले, तरी प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत शून्यांचे प्रमाण आठांत एकापेक्षा बरेच वाढलेले आहे असे समजावे, कारण नुसत्या आठांत एकच्या हिशेबाने एवढ्या लहान यादीत कोणी सापडण्याची शक्यता प्रत्येक उपकरणामागे चाळीस कोटींत एकाहून फारशी जास्त नाही.